आमच्या पखवाजवादकांसाठी उभारलेला मदतनिधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंचवटीतल्या आमच्या भजनी मंडळाचे पखवाजवादक 3 फेब्रुवारीच्या रात्रीपासून रुग्णालयात आहेत. मदतीचे आवाहन केल्यापासून बरेच जण फोन करून, भेटून शंका विचारत आहेत. पैसे मागितले की प्रश्न विचारले जाणारच, आणि ते विचारले जावेत असेच मला वाटते. मी या मंडळाची खजिनदार आहे. नोकरीची सारी वर्षे बँकेत गेली, त्यामुळे हिशेबाची उत्तरे थोडी लांबली असतील. खालचे आकडे 16 फेब्रुवारीच्या संध्याकाळपर्यंतचे आहेत.

त्यांना नेमके काय झाले आहे?

आजाराचे नाव गिया-बारे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस. आपल्या शरीराची प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच नसांवर उलटते. पुष्कळदा आधी पोट बिघडलेले असते किंवा सर्दी-खोकला होऊन गेलेला असतो, आणि मग काही दिवसांनी पायांना मुंग्या येऊ लागतात. त्यांचे असेच झाले. जानेवारीच्या शेवटी दोन दिवस जुलाब झाले, ते थांबले, आणि आठवडाभराने जिना चढताना पाय उचलेना. दुसऱ्या दिवशी हातातली पक्कड सुटू लागली. ते घरोघरी वायरिंगची कामे करतात, त्यामुळे ही गोष्ट त्यांच्या लगेच लक्षात आली. 5 तारखेला श्वास अपुरा पडू लागला आणि व्हेंटिलेटर लावावा लागला.

हा आजार एकापासून दुसऱ्याला होत नाही. त्यांच्या घरी जायला काही जण कचरत आहेत असे कानावर आले, म्हणून मुद्दाम लिहिते. बहुतेक रुग्ण यातून बरे होतात, पण नसा सावरायला काही महिने लागू शकतात. 15 तारखेला त्यांचा व्हेंटिलेटर काढला. खांदे हलतात, बोटे अजून हलत नाहीत.

संदेशात त्यांचे नाव आणि फोटो का नाही?

मंडळातल्या सगळ्यांना ते ठाऊक आहेत. संदेश मात्र पुढे पुढे जातो आणि वर्षानुवर्षे फिरत राहतो. नळ्या लावलेल्या अवस्थेतला फोटो त्यांच्या ग्राहकांनी, मुलांच्या शाळेतल्यांनी पाहावा असे त्यांच्या पत्नीला वाटत नाही, आणि आम्हालाही नाही. आजाराचे नाव आणि खर्चाचे आकडे त्यांच्या संमतीने दिले आहेत. कोणाला खातरजमा करायची असेल तर कार्यकारिणीच्या कोणत्याही सदस्याकडे या. रुग्णालयाचे अंदाजपत्रक, डॉक्टरांची चिठ्ठी आणि बिले दाखवू. कागदांचे फोटो मात्र काढू देणार नाही.

एकूण किती रक्कम लागणार आहे, आणि ती कशी ठरली?

आवाहन 3,60,000 रुपयांचे आहे. या आकड्यापर्यंत कसे आलो ते सांगते.

सगळ्यात मोठा खर्च औषधाचा. इम्युनोग्लोब्युलिन नावाचे हे औषध शिरेतून देतात आणि ते रुग्णाच्या वजनावर ठरते. दर किलोमागे 2 ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. त्यांचे वजन 60 किलो, म्हणून 120 ग्रॅम औषध, म्हणजे 5 ग्रॅमच्या 24 कुप्या. एका कुपीला 9,500 रुपये पडले, म्हणजे 2,28,000. अतिदक्षता विभाग व्हेंटिलेटरसह दिवसाला 14,000 रुपये, 14 दिवसांचे 1,96,000. त्यानंतर वॉर्डातले 10 दिवस धरले, 30,000. नसांच्या आणि पाठीतल्या पाण्याच्या तपासण्या, बाकीची औषधे, डॉक्टरांची फी मिळून 86,000. रुग्णालयातला सगळा खर्च असा 5,40,000 होतो.

घरी आल्यावर तीन महिने आठवड्यातून पाच वेळा फिजिओथेरपी लागेल. एका खेपेचे 500 रुपये, बारा आठवड्यांचे 30,000. भाड्याने आणायच्या पलंगाचे आणि चाकाच्या खुर्चीचे मिळून महिना 3,000, म्हणजे 9,000. आता एकूण बेरीज 5,79,000 झाली.

यातून रुग्णालयाने दिलेली 1,13,000 रुपयांची सवलत वजा केली. कुटुंबाने आपल्या बचतीतून 80,000 भरले होते आणि मंडळाच्या आकस्मिक निधीतून आम्ही 26,000 दिले होते, तेही वजा केले. उरले 3,60,000. ‘अडीअडचणीला असावेत’ म्हणून वर एक रुपयाही वाढवलेला नाही.

पहिल्या संदेशात 4,17,000 लिहिले होते. मग आकडा कमी का झाला?

पहिला अंदाज घाईत झाला होता. दाखल करताना त्यांना उभे राहता येत नव्हते, म्हणून वजन अंदाजे 75 किलो लिहिले गेले, आणि त्यावरून 30 कुप्या निघाल्या. आम्ही तोच आकडा रात्री संदेशात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगासकट वजन करणाऱ्या काट्यावर ते 60 किलो भरले. सहा कुप्या कमी झाल्या, 57,000 रुपये वाचले, आणि त्याच सकाळी आम्ही दुरुस्तीचा संदेश पाठवला. तरीही जुना संदेश काही गटांत अजून फिरतो आहे. तो दिसला तर कृपया हे स्पष्टीकरण त्याखाली टाका.

कोणाच्या घरात ही वेळ आली तर एवढे लक्षात ठेवा: औषध वजनावर ठरत असेल, तर पैशांची जमवाजमव सुरू करण्याआधी प्रत्यक्ष वजन झाले आहे का ते विचारा.

औषध रुग्णालयातून न घेता बाहेरून का आणले?

दरासाठी. या औषधाच्या कुपीवर छापलेली किंमत आणि घाऊक विक्रेत्याकडे प्रत्यक्ष मिळणारा दर यांत मोठा फरक असतो. आम्हाला मिळालेल्या कुपीवर 17,500 रुपये छापले होते. त्या दराने 24 कुप्यांचे 4,20,000 झाले असते. आमच्यातले एक सदस्य औषधविक्रीच्या व्यवसायात आहेत. त्यांनी तीन घाऊक विक्रेत्यांकडून लेखी दर मागवले आणि सर्वांत कमी दर आला 9,500. म्हणजे 1,92,000 रुपये वाचले, आवाहनाच्या अर्ध्याहून थोडे अधिक.

बाहेरून आणण्यात एक जोखीम असते. आम्ही आणलेले औषध 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे होते. म्हणून आधी डॉक्टरांची परवानगी घेतली, बर्फाच्या पेटीतून कुप्या थेट रुग्णालयाच्या औषधविभागात पोचवल्या, आणि प्रत्येक कुपीचा बॅच क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. रोज पाच कुप्या, शेवटच्या दिवशी चार. रिकाम्या कुप्यांची नोंद परिचारिकांच्या तक्त्यात आहे आणि ती आमच्या बिलाशी जुळते.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून हे सगळे झाले नसते का?

हा प्रश्न सर्वाधिक लोकांनी विचारला आणि तो रास्त आहे. या योजनेत आता शिधापत्रिकाधारक कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. पण ते योजनेशी जोडलेल्या रुग्णालयातच मिळते. रात्री अकरा वाजता, पाय उचलत नसताना, घरच्यांनी त्यांना ओळखीच्या रुग्णालयात नेले. ते या योजनेत नाही. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी कळले. हलवायचा विचार होईपर्यंत श्वासाचा त्रास सुरू झाला, आणि या अवस्थेत हलवू नका असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. तो निर्णय बरोबर होता असे मला आजही वाटते.

पहिल्या रात्री आमच्यापैकी चार जण तिथे होतो. ‘योजनेचा आरोग्यमित्र इथे बसतो का?’ एवढा एकच प्रश्न दाखल करण्याआधी विचारायला हवा होता. चौघांपैकी एकालाही तो सुचला नाही, याची रुखरुख आहे.

मग 1,13,000 ची सवलत कशी मिळाली?

ते रुग्णालय विश्वस्त संस्थेचे आहे. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न 1,80,000 पर्यंत असेल तर निर्धन, आणि 3,60,000 पर्यंत असेल तर दुर्बल घटक. आमच्या पखवाजवादकांचे उत्पन्न महिना 18,000 च्या आसपास, म्हणजे वर्षाचे 2,16,000. ते दुसऱ्या गटात बसतात.

सवलत आपणहून कोणी देऊ केली नाही. शिधापत्रिका आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडून रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात अर्ज केला, अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली, आणि तिसऱ्या दिवशी लेखी मंजुरी आली. अतिदक्षता आणि वॉर्डाच्या 2,26,000 रुपयांवर निम्मी सूट. तपासण्यांवर आणि औषधांवर काही मिळाले नाही. त्यासाठी दुसरा अर्ज दिला आहे, पण हातात कागद येईपर्यंत तो पैसा आम्ही हिशेबात धरणार नाही. मंजूर झाला तर तेवढी रक्कम आवाहनातून कमी करू.

आतापर्यंत किती जमले आणि ते कुठे गेले?

131 पावत्यांवर 2,47,300 रुपये जमले. त्यातले 2,11,800 थेट बँकेत आले आणि 35,500 रोख. रोख रक्कम मिळाली की दोन सदस्यांसमोर मोजून पावती होते आणि बँकेच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी खात्यात भरली जाते. रोखीतून परस्पर काहीही खर्च केलेले नाही, अगदी रिक्षाभाडेही नाही.

रुग्णालयाला अंतरिम बिलापोटी 1,00,000 दिले. ते रुग्णालयाच्या नावाने धनादेशाने दिले आणि मागे रुग्णाचा नोंदणी क्रमांक लिहिला, म्हणजे रक्कम त्यांच्याच खात्यावर जमा होते. उसनवारी फेडायला 1,22,000 गेले, त्याबद्दल पुढच्या प्रश्नात सांगते. शिल्लक 25,300.

पासबुकात मात्र 26,446 दिसतील. हे खाते मंडळाने दिंडीसाठी उघडलेले आहे आणि आषाढीनंतर त्यात 1,146 रुपये उरले होते. ते दिंडीचेच आहेत आणि तसेच राहतील. पासबुक बघायला येणाऱ्याला हा फरक खटकू नये म्हणून आधीच सांगून ठेवते.

अजून 1,12,700 लागतील.

1,22,000 ची उसनवारी कोणाची? मदतीच्या पैशातून कर्ज फेडणे योग्य आहे का?

औषध पहिल्या पाच दिवसांतच द्यायचे होते आणि विक्रेता उधारीवर देत नव्हता. 2,28,000 पैकी 80,000 कुटुंबाचे आणि 26,000 मंडळाचे होते. उरलेले 1,22,000 मंडळातल्या दोघांनी आपल्या ठेवी मोडून त्याच दिवशी बिनव्याजी दिले. देताना कागदावर लिहून घेतले: रक्कम, तारीख, आणि निधी जमेल तशी आधी यांची परतफेड. एकाच्या मुलीचे लग्न वैशाखात आहे. ते पैसे अडकवून ठेवणे म्हणजे एका घराची अडचण दुसऱ्या घरात नेणे झाले असते.

तुमचा प्रश्न मला समजतो. आपण औषधाला म्हणून दिलेले पैसे कोणा तिसऱ्याच्या खात्यात गेले, असे वाटू शकते. पण औषधाचे बिल, विक्रेत्याला गेलेली रक्कम आणि परतफेडीचे धनादेश हे तिन्ही कागद एकत्र ठेवले आहेत आणि त्यांचे आकडे जुळतात. दोघांनीही परतफेडीनंतर स्वतःच्या इच्छेने जे दिले त्याच्या वेगळ्या पावत्या आहेत.

पैसे वहिनींच्या खात्यात का पाठवायचे नाहीत? तेच सोपे नाही का?

सोपे आहे, पण त्यात त्यांनाच त्रास आहे. नातेवाइकांखेरीज इतरांकडून एका वर्षात मिळालेल्या रकमांची बेरीज 50,000 च्या वर गेली, तर प्राप्तिकर कायद्याने ती सगळी रक्कम त्यांचे उत्पन्न धरली जाते. शिवाय नवरा अतिदक्षता विभागात असताना शे-दीडशे लोकांचा हिशेब ठेवण्याचे ओझे त्या माउलीवर कशाला?

आमचे मंडळ नोंदणीकृत न्यास आहे आणि आजारी व अडचणीतल्या व्यक्तींना मदत करणे हा त्याच्या घटनेतला एक उद्देश आहे. कार्यकारिणीने ठराव करून हा निधी उघडला. खात्यातून पैसे काढायला अध्यक्ष, सचिव आणि मी यांपैकी दोघांच्या सह्या लागतात. मी एकटी एक रुपयाही काढू शकत नाही, आणि तशीच व्यवस्था असावी.

खाते क्रमांक किंवा क्यूआर कोड इथे का दिलेला नाही?

फिरणाऱ्या चित्रातला क्यूआर कोड बदलून तिथे दुसराच चिकटवणे फार सोपे असते, आणि मजकूर खरा असल्याने कोणाला संशयही येत नाही. म्हणून कार्यकारिणीच्या सदस्याला तुम्ही स्वतः फोन करा, आम्ही तपशील पाठवू. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर खातेदाराचे नाव दिसते. तिथे मंडळाचे नाव असायला हवे. कोणा व्यक्तीचे नाव दिसले तर थांबा, ती व्यक्ती मी असले तरी.

चौकात, घाटावर किंवा बाजारात आमचा कोणीही डबा फिरवत नाही. हा निधी आम्हाला ओळखीच्या वर्तुळातच ठेवायचा आहे.

करसवलत मिळेल का? परदेशातून पाठवता येईल का?

80जी ची सवलत मिळणार नाही, मंडळाची तशी नोंदणी नाही. पावती मात्र प्रत्येकाला मिळेल. परदेशात राहणारे पण भारतीय नागरिकत्व असलेले आपले लोक स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवू शकतात. ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतले आहे त्यांच्याकडून आम्हाला घेता येत नाही.

कोणी किती दिले हे जाहीर होणार का?

नाही. फलकावर पावती क्रमांक आणि रक्कम एवढेच लावतो. तुमचा क्रमांक तुम्हाला माहीत असतो, तो शोधा, रक्कम जुळते का पाहा. 51 रुपये असोत की 5,100, नावे कुठेच वाचली जाणार नाहीत. ज्यांनी दिले नाहीत त्यांना आठवणीचा फोनही जाणार नाही. घरोघरच्या अडचणी आपल्याला माहीत नसतात.

त्यांच्या घरखर्चाचे काय?

तीन-चार महिने घरात उत्पन्न येणार नाही, हे खरे आहे. तरीही घरखर्च आम्ही या आवाहनात धरला नाही, आणि त्यावर आमच्यात बराच वादही झाला. उपचारांसाठी म्हणून मागितलेल्या पैशातून किराणा आणला, तर बिले दाखवताना त्या घरातले तेल-मीठही सगळ्यांसमोर मांडावे लागेल. ते कोणाच्याही वाट्याला येऊ नये. शेजारच्या चार घरांनी धान्य आणि दूध आपसात वाटून घेतले आहे. त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही आणि मंडळ त्यात पडत नाही. त्यांची अर्धवट राहिलेली वायरिंगची दोन कामे व्यवसायबंधूंनी पुरी केली, मजुरी वहिनींना पोचली.

खर्च वाढला तर? आणि जास्त जमले तर?

अतिदक्षता विभागात 14 दिवसांवर प्रत्येक जादा दिवस सवलतीनंतर 7,000 रुपयांना पडेल. तसे झाले तर डॉक्टरांच्या लेखी सूचनेसह नवा आकडा कळवू. 3,60,000 पूर्ण होताच स्वीकारणे बंद करू. त्यानंतरही चुकून आलेली रक्कम, किंवा बिल कमी आल्याने उरलेली रक्कम, आधी फिजिओथेरपीसाठी राखून ठेवू, कारण बोटांना तीन महिने पुरतीलच असे नाही. त्याहूनही उरले तर आकस्मिक निधीत जाईल. कोणाला आपला वाटा परत हवा असेल तर अंतिम बिलानंतर पंधरा दिवसांत पावती घेऊन या. काही विपरीत घडले असते तर आधी रुग्णालयाचे देणे आणि मग उरलेले कुटुंबाला, असे पहिल्याच ठरावात लिहिले होते. ते लिहिताना हात जड झाला होता, पण हा प्रश्न दोघांनी हळू आवाजात विचारला होता आणि त्यांना उत्तर देणे भाग होते.

भेटायला जाऊ का?

सध्या नको. संसर्ग टाळायचा आहे. वॉर्डात आल्यावर वेळ कळवू. रक्तदात्यांचीही गरज नाही.

या निधीबद्दल त्यांना स्वतःला माहीत आहे का?

15 तारखेपर्यंत सगळी संमती वहिनींची होती. व्हेंटिलेटर काढल्यावर 16 ला सकाळी मी त्यांच्याजवळ बसून सारे सांगितले, आकड्यांसकट. आवाज अगदी बारीक आहे, कान तोंडाजवळ न्यावा लागतो. त्यांनी संदेश वाचून दाखवायला सांगितला. त्यात त्यांच्या मुलीच्या दहावीच्या परीक्षेबद्दल एक ओळ होती. ती काढा म्हणाले. ती ओळ त्याच दिवशी काढली. जुना संदेश तुमच्याकडे असेल तर तो पुढे पाठवू नका, नवा मागून घ्या.

अंतिम हिशेब एकादशीला मंदिराच्या सभामंडपात वाचायचा असे आमचे ठरले होते. त्यांनी तो आपल्या घरी, आपल्यासमोर वाचावा अशी इच्छा सांगितली. म्हणून आता ते घरी आल्यानंतरची पहिली एकादशी ठरली आहे. हरिपाठ झाल्यावर वही उघडू.